दिलं कुणी?

रमजानच्या आधी, शाबान महिन्यात, आमच्या गावच्या आठवडी बाजारात मुलांकडून एक छोटं पथनाट्य करवून घ्यायचं ठरलं. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, बाजार गुरुवारचा. मोहल्ल्यातल्या जाणत्या मंडळींचं म्हणणं असं की, रमजानमध्ये जकात बहुतेक सगळे काढतात. पण मालाचा चाळिसावा हिस्सा मोजून दिला की आपण कुणावर तरी मेहरबानी केली, असा चेहरा करतात. यावर भाषण नको, भाषण मशिदीत होतंच. रस्त्यावर, गाण्यांसकट, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल असं काहीतरी करा. मला उर्दूही येतं आणि मराठीही, म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गोष्ट निवडायला वेळ लागला नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली तीन माणसांची हदीस घ्यायची, हे मनात लगेच आलं. बनी इस्राईलमधली तीन माणसं. एकाच्या अंगावर डाग, दुसऱ्याच्या डोक्यावर केस नाहीत, तिसरा आंधळा. अल्लाहला त्यांची परीक्षा घ्यायची असते. फरिश्ता येतो, प्रत्येकाला विचारतो, तुला सर्वांत प्रिय काय? पहिला चांगली कांती मागतो, दुसरा केस, तिसरा दृष्टी. मागितलेलं मिळतं आणि वर एकेक जनावरही मिळतं. पहिल्याला गाभण उंटीण, दुसऱ्याला गाभण गाय, तिसऱ्याला मेंढी. त्यांची पैदास होत होत प्रत्येकाची खोरीच्या खोरी जनावरांनी भरतात. मग तोच फरिश्ता फाटका मुसाफिर होऊन परत येतो आणि ज्यानं हे दिलं त्याच्या नावानं एक जनावर मागतो. पहिला म्हणतो, माझ्यावर हक्क सांगणारे फार आहेत. मुसाफिर जुनी ओळख काढतो, तर म्हणतो, हा माल बापजाद्यांपासून आमच्याकडे आहे. दुसराही तसंच म्हणतो. तिसरा मात्र म्हणतो, मी आंधळा होतो, अल्लाहनं दृष्टी दिली, तुला हवं ते घे आणि हवं ते ठेव.

मला वाटलं, निम्मं काम झालं. तीन माणसं, तीनदा देणं, तीनदा मागणं. आता फक्त संवाद घालायचे. मी बावीस पानं लिहिली. वर्गात वाचून घेतलं तर पंचवीस मिनिटं लागली.

त्या गुरुवारी भाजी घ्यायला गेलो, तेव्हा एक औषध विकणारा गळ्यात माइक घालून बोलत होता. मी शेजारच्या टपरीवर चहा घेत मनगटावरच्या घड्याळात बघत राहिलो. माणसं थांबायची, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची आणि दोन-अडीच मिनिटांत निघून जायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभी राहिली ती फक्त मुलं. शिवाय गर्दी एका वेळी येतच नाही. कुणी पहिल्या मिनिटाला येतो, कुणी पाचव्या. नाट्यगृहातल्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असतं, त्यामुळे तो आधीचं लक्षात ठेवतो. बाजारातल्या माणसाला आधीचं ठाऊकच नसतं. सफदर हाश्मी आणि जन नाट्य मंचचं १९७८ सालचं ‘मशीन’ हे गाजलेलं पथनाट्य जेमतेम तेरा मिनिटांचं होतं, हे मला बी.एड.च्या वेळेपासून माहीत होतं. त्याचं कारण मात्र त्या टपरीवर कळलं.

घरी येऊन बावीस पानांची चार केली आणि वेळ नऊ मिनिटांवर आणली. कापताना एकच कसोटी लावली: मधेच आलेल्या माणसाला दोन मिनिटांत गोष्ट कुठे आहे ते कळतं का? इथे हदीसची बांधणीच कामाला आली. एकच प्रसंग तीनदा घडतो, त्यामुळे पहिला उंटवाला चुकला तरी दुसऱ्या गाईवाल्याला पाहून माणूस गोष्टीत शिरतो. मी आधी ही पुनरुक्ती कंटाळवाणी होईल म्हणून तिन्ही प्रसंग वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिले होते. ती हुशारी काढून टाकली. तिन्ही प्रसंगांत तीच वाक्यं, तीच चाल, फक्त जनावर बदलायचं. एकनाथांची भारुडं शिकवताना मी मुलांना दरवर्षी सांगतो की, जोशी, वासुदेव, फकीर ही रस्त्यावरची ओळखीची सोंगं घेतल्यामुळे लोक थांबत आणि पालुपद सारखं परत येत असल्यामुळे ते गात. सांगत होतो इतकी वर्षं, पण स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा विसरलो होतो.

पालुपदाची कथाही तशीच. पहिल्या मसुद्यात मी ‘विसरू नको उपकार तयाचे, जो दाता या जगताचा’ अशी ओळ लिहिली होती. मुलांनी ती पाठ केली, अंगणात म्हणून दाखवली, आणि मीच दहा पावलांवर उभा राहून ऐकली तर ‘चाचा’ एवढंच कानावर आलं. उघड्यावर लांब ओळ धड ऐकूच येत नाही. मग ओळ मोडून प्रश्न केला:

एक उंटीण दारी आली,
वर्ष सरता दोन झाली,
दोनाचं झालं रान भरून,
सांग रे बाबा, दिलं कुणी?

आणि बाकीच्या मुलांनी बोट वर करून उत्तर द्यायचं: ‘त्यानं दिलं, त्यानं दिलं!’ दुसऱ्या फेरीत उंटिणीच्या जागी ‘गाभण गाय’, तिसऱ्या फेरीत ‘एक मेंढी’. बाकी ओळी त्याच. मुलांचा आग्रह होता की उत्तरात ‘अल्लाहनं’ असावं. माझं म्हणणं पडलं, बाजार सगळ्यांचा आहे, उत्तर प्रत्येकाला तोंडभरून देता आलं पाहिजे. आणि वर केलेलं बोट कुणाकडे आहे ते आपल्याला माहीत आहेच.

वाद्याचा प्रश्न मौलानांनी सोडवला. आमच्या मशिदीचे इमाम याच भागातले, दखनी बोलणारे. ते म्हणाले, “मास्टरसाब, डफ लेव, पेटी रहने देव.” मला ते बरंच वाटलं, कारण पेटी घेऊन उभं राहून गाणं अवघड जातं. पण पेटी नसली की सूर धरून ठेवणारं काही उरत नाही. मुलं उत्साहात प्रत्येक कडव्याला थोडी थोडी वर चढतात आणि तिसऱ्या फेरीला गाणं राहत नाही, ओरडणं सुरू होतं. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या की समजावं. उपाय साधा निघाला. पहिलं कडवं नेहमीपेक्षा थोडं खालून उचलायचं आणि दोन गाण्यांच्या मधे निदान चार वाक्यांचा संवाद ठेवायचा. बोलताना आवाज आपोआप खाली येतो आणि पुढचं कडवं पुन्हा जागेवरून सुरू होतं.

फरिश्ता कोण करणार, हाही प्रश्न होता. कुणीच नाही, असं ठरलं. पहिल्या भेटीत माणूस रिकाम्या जागेकडे बघतो, डफावर तीन सावकाश थापा पडतात आणि काय विचारलं गेलं ते सूत्रधार सांगतो. दुसऱ्या भेटीत येतो तो फक्त मुसाफिर, एक झोळी आणि एक काठी. तो कोण होता, हे सूत्रधार शेवटी एका वाक्यात सांगतो. लाजेखातर केलेली ही सोय नाटकाला फार उपयोगी पडली. मुसाफिर कोण आहे हे बघणाऱ्याला आधी माहीत नसलं, तर तोही मनातल्या मनात त्याला ‘चल पुढे’ म्हणून टाकतो.

इथपर्यंत सगळं जमत आलं होतं. तालमीच्या पाचव्या दिवशी आम्ही वेश करून बघितला. पहिल्या माणसाच्या हातावर आणि गालावर मी पांढऱ्या रंगाचे डाग काढले. दृष्टी, केस, कांती मिळाली की ओल्या फडक्यानं ते पुसायचे. आणि शेवटी, तो खोटं बोलल्यावर, कोरसमधली मुलं त्याच्याभोवती फिरतात आणि बाजूला होतात तेव्हा डाग पुन्हा आलेले दिसतात, अशी युक्ती मी बसवली होती. मुलांना ती भयंकर आवडली. मलाही.

दुसऱ्या दिवशी कोरसमधला आठवीचा एक मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी त्याला गाठलं. तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “सर, शेवटी त्याला परत कोड का फुटतं?”

मी म्हणालो, “तो खोटं बोलला म्हणून.”

“माझी अम्मी गुरुवारी बाजारात बसते, सर. अंडी घेऊन. तिच्या हातांवर आहे ना तसं.”

पुढचं तो बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती. गेली पंधरा वर्षं मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूतलं ‘कोढ’ म्हणजे महारोग आणि मराठीतलं ‘कोड’ म्हणजे अंगावर येणारे पांढरे डाग, हा फरक मी फळ्यावर लिहून दाखवलेला आहे. हदीसमधला अरबी शब्द ‘अबरस’ आहे, आणि ‘बरस’ म्हणजे हेच पांढरे डाग. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या की ते येतात. ते कुणाचे कुणाला लागत नाहीत आणि कुणी काही केल्याची ती शिक्षाही नसते. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी भर बाजारात, अंड्यांच्या टोपलीपासून वीस पावलांवर, कोड म्हणजे खोटं बोलल्याची शिक्षा असं रंगवून दाखवणार होतो.

पण मग करायचं काय? हदीस बदलायची कशी? रसूलुल्लाह (स.) यांच्या नावावर आपल्या पदरचं काही घालणं केवढा मोठा गुन्हा आहे, ते आपण सगळे जाणतो. मी सुरुवातीला उंटाची म्हैस करावी म्हणत होतो, आपल्याकडच्या लोकांना जवळची वाटेल म्हणून, तेही याच भीतीनं सोडलं होतं. कुणाचं मन दुखतं म्हणून शेवट बदलला, तर मग हदीस सांगतो असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? रात्री इशाच्या नमाजनंतर मी मौलानांजवळ बसलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी कपाटातून किताब काढली, ती हदीस उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, “तुम्हीच पढो. आखिर में उसको दाग आए, ऐसा कहाँ लिखे?”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. फरिश्ता त्या दोघांना म्हणतो की, तू खोटं बोलत असशील तर अल्लाह तुला पूर्वी होतास तसा करो. एवढंच. पुढे त्यांचं काय झालं, ते हदीस सांगत नाही. ती तिथून सरळ तिसऱ्याकडे जाते. शेवटी तिसऱ्याला सांगितलं जातं की ही परीक्षा होती, अल्लाह तुझ्यावर राजी आहे आणि तुझ्या त्या दोन सोबत्यांवर नाराज.

“ये बात हदीस में हैच नई, मास्टरसाब,” मौलाना म्हणाले. “दाग तुम्हारे हैं.”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. तिघेही सुरुवातीला ज्या हालात होते, ती त्यांची शिक्षा होती असं हदीसमध्ये कुठेच नाही. आणि परीक्षेत जो पास झाला, तोही त्या दोघांसारखाच एक होता. आजार कुणाच्या पापाचं चिन्ह असता, तर ही गोष्ट उभीच राहिली नसती.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. मला हदीस बदलावी लागेल अशी भीती होती, आणि खरं तर ती मी आधीच बदलून बसलो होतो. ऐकण्याची गोष्ट रस्त्यावर आणली की डोळ्यांसाठी काहीतरी घालावं लागतं. घातलेलं ते आपलं असतं, पण बघणारा ते मूळ गोष्टीच्या खात्यावर मांडतो. संवादातला शब्दन्‌शब्द मी तपासला होता. रंगाची डबी तपासायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी रंग बंद केला. मग पहिल्या माणसाचं दुःख दाखवायचं कसं? मुलांनाच विचारलं, त्याला जास्त त्रास कशाचा होत असेल? एक जण म्हणाला, लोक लांब सरकतात त्याचा. हदीसमध्येही तो हेच म्हणतो, लोक माझी घृणा करतात. झालं, वेगळं काही शोधावं लागलं नाही. पहिला माणूस रिंगणात येतो, कोरस दोन पावलं मागे सरकतं. दुसरा येतो, दोन पावलं मागे. तिसरा चाचपडत येतो, दोन पावलं मागे. देणं झालं की गाण्याच्या ठेक्यावर सगळे पुन्हा जवळ येतात. आणि शेवटी मुसाफिर पहिल्या माणसासमोर उभा राहतो तेव्हा कोरस जागचं हलत नाही. तो माणूसच मुसाफिरापासून दोन पावलं मागे सरकतो. स्वतः भोगलं तेच तो दुसऱ्याला करतो. ‘बापजाद्यांपासून आहे’ हे वाक्य तो त्या दोन पावलांनंतर बोलतो. फरिश्त्याचं वाक्य सूत्रधार जसंच्या तसं, ‘असशील तर’ या शब्दांसकट सांगतो आणि पुढे निघतो. शेवटी हदीस सांगणारे म्हणतात तसं तो ‘औ कमा क़ाल’ म्हणतो, म्हणजे शब्दांत कमी-जास्त झालं असेल तर मूळ तेच खरं.

त्या दिवशी तो आठवीतला मुलगा दाराशी उभा होता. तालीम संपेपर्यंत तिथेच उभा राहिला. सुटताना म्हणाला, “सर, मुसाफिर मी करू?” आधीच्या मुसाफिरानं काठी मुकाट्यानं त्याच्या हातात दिली.

गुरुवारी असरच्या नमाजनंतर आम्ही भाजीच्या रांगेच्या टोकाला, आधी विचारून ठेवलेल्या मोकळ्या जागेत रिंगण धरलं. पहिल्या गाण्याला पंधराएक माणसं असतील, त्यातली बरीच पोरं. पलीकडच्या लसूणवाल्याचं रेकॉर्ड केलेलं ओरडणं पहिली दोन मिनिटं आमच्यावर मात करत होतं. मग त्यानंच ते बंद केलं. दुसऱ्या फेरीला ‘गाभण गाय’ आली तेव्हा ‘दिलं कुणी?’ला रिंगणाबाहेरून दोन-तीन आवाज आले. तिसऱ्या फेरीत पाटीवाल्या एका आजोबांनी बोट वर करून मुलांच्या आधीच ‘त्यानं दिलं!’ म्हणून टाकलं आणि सगळे हसले.

मुसाफिर आला तेव्हा मात्र हसू थांबलं. वेश असा नव्हताच, अंगावर घरचाच जुना सदरा. त्यानं हात पुढे केला आणि त्याच चालीवर, सावकाश, डफाशिवाय म्हटलं:

वाट लांब न् पाय थकले,
एकच उंट दे मला,
ज्यानं तुला हे रान दिलं,
त्याच्या नावानं दे मला.

पहिल्या माणसानं ‘खर्च फार आहेत हो, मागणारे फार आहेत’ म्हटल्यावर कापडवाल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं, हदीसमधलंच होतं. पण त्यांना ते आपल्या दुकानातलंच वाटलं असणार.

संपल्यावर एका सद्गृहस्थांनी खिशातून नोट काढली आणि झोळी कुठे फिरवताय म्हणून विचारलं. आम्ही झोळी फिरवायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. मुसाफिराला एक जनावर द्या म्हणायचं आणि लगेच आपणच हात पुढे करायचा, म्हणजे सगळी गोष्ट वर्गणीची जाहिरात होऊन बसते. सूत्रधार त्यांना म्हणाला, “चाचा, आमच्याकडे नका देऊ. तुमच्या दारी जो येईल त्याला द्या.” त्यांनी नोट पुन्हा खिशात ठेवली, जरा नाराज होऊन.

मी अंडी घ्यायला गेलो. त्या बाईंनी बसल्या जागेवरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं होतं. डझन मोजून पिशवीत ठेवताना म्हणाल्या, “सर, काठीवाला माझा पोरगा बरं का.” मी मान हलवली. पैसे देताना हात पुढे केला. त्यांनी सवयीनं सुटे पैसे टोपलीच्या काठावर ठेवले. ते उचलायच्या ऐवजी मी हात तसाच पुढे ठेवला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, पैसे उचलले आणि माझ्या हातात दिले.